घर विकायचं, भांडण नाही

चष्मेवाला मुळातच भित्रा. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर भिंगं चढवून “पहिलं बरं दिसतं की दुसरं?” असं विचारण्यात त्याची हयात गेली होती, पण घरच्यांना काही विचारायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची. आणि आता तर ताईपुढे घर विकायची गोष्ट काढायची होती. आई-वडील गेल्यापासून ताई त्या घरात एकटीच वरच्या मजल्यावर राहत होती. खालचा मजला बंद, गळकं छत ताईनेच पैसे घालून नीट केलेलं, आणि बाकी दुरुस्तीचा विषय निघाला की तिघंही भावंडं हवापाण्यावर बोलायला लागत.

त्याला धास्ती होती ती वेगळीच. वडील आणि काका एका सामाईक भिंतीवरून असे तुटले होते, की काका गेले तेव्हा वडील त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. चष्मेवाला तेव्हा वडिलांचा हात धरून उभा होता. ताईने त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिने बोलणं टाकलं, तर तो पुरता पोरका होणार होता.

शेवटी त्याने मनाचा हिय्या करून रविवारी, नेहमीसारखे जेवायला जमले तेव्हा, सगळ्यांना ताईच्या स्वयंपाकघरात बसवलं. धाकटा भाऊ शाळेची बस चालवायचा. इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय त्याला घरातही सुटत नसे.

“आधी सरकारदरबारी तिघांचीही नावं वारस म्हणून लावून घ्यायची,” चष्मेवाल्याने घसा खाकरून सुरुवात केली. “मग एकमेकांना न ओळखणारे दोन जाणकार आणायचे आणि त्यांच्या किमतींची सरासरी धरायची. त्या किमतीला आपल्यापैकी कुणाला घर हवं असेल तर पहिला हक्क त्याचा. नसेल तर बाहेर विकायचं. दलाली, कर आणि ताईने छतावर केलेला खर्च आधी वजा. उरेल त्याचे तीन सारखे वाटे, आणि घेणाऱ्याने पैसे थेट तिघांच्या खात्यात भरायचे. एकाचे पैसे दुसऱ्याच्या हातातच नकोत.”

“छताचे कशाला?” धाकटा गरजला. “इतकी वर्षं ती भाडं न देता राहिली की!”

ताईने भाजी चिरायची सुरी खाली ठेवली.

“छत घराचं आहे,” चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. “ते गळत असतं तर तुझ्याही वाट्याची किंमत उतरली असती. आणि आईचं शेवटचं आजारपण कुणी काढलं? खरं तर त्याबद्दल ताईला थोडं जास्तच द्यायला हवं.”

“अरे हो!” धाकट्याला एकदम पाझर फुटला. “द्या, दुप्पट द्या!”

“दुप्पट?” ताई कडाडली. “आईला पाणी पाजायची मजुरी ठरवताय? एका पेल्याचा काय भाव लावलास रे?”

चष्मेवाल्याला स्वतःचा मनस्वी राग आला. सगळा हिशेब नीट मांडला आणि नेमकी जी गोष्ट हिशेबात धरायची नव्हती तिलाच हात घातला! काही सुचेना, तेव्हा दुकानातलंच तोंडातून निघालं.

“ताई, पहिलं बरं की दुसरं? पहिलं, सेवेचे वेगळे पैसे. दुसरं, सेवेचा एक पैसा नाही, फक्त छताचा खर्च पावत्यांप्रमाणे, आणि बाकी तिघांना सारखं.”

“दुसरं,” ताई म्हणाली. “सिमेंटचे पैसे मी घेणार, एक दमडी सोडणार नाही. आईचे नाही.”

“मला पण दुसरंच,” धाकटा म्हणाला. त्याला काही विचारलंच नव्हतं.

मग चष्मेवाल्याने लिहून आणलेला कराराचा कागद आला. ताईने चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि शेवटच्या कलमावर बोट ठेवलं. ताईला मनासारखं दुसरं घर मिळेपर्यंत ताबा द्यायचा नाही, असं ते कलम होतं. चष्मेवाल्याने ते खास जपून घातलं होतं.

“हे खोड.”

“अगं, पण तू जाणार कुठे?” धाकट्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“तू शाळेची बस उभी करतोस ना, त्याच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. गेल्या वर्षीच बघून ठेवल्यात. गुडघे पार गेलेत माझे.”

“मग बोलली का नाहीस?” चष्मेवाला ओरडलाच. आयुष्यात पहिल्यांदा ताईवर ओरडला.

“तुम्हा दोघांना वाटायचं ना, ताई आहे तोवर आपलं घर आहे. कुलूप लागलं असतं तर आला असतात का रविवारचे?”

धाकटा डोळे पुसत बाहेर जाऊन उभा राहिला. चष्मेवाल्याने कलम खोडलं आणि खाली लिहिलं, की खरेदीखताच्या दिवशी तिघांनी ताईच्या नव्या घरी एकत्र जेवायचं. कायद्याने त्याला काही अर्थ नव्हता. ताईने तरीही त्या ओळीशेजारी वेगळी सही केली.