न विचारता नेसवलेली हिरवी साडी

माझी मैत्रीण वस्तीच्या पाण्याच्या ग्रुपमधून बाहेर पडली, ती माझ्यामुळं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात त्या ग्रुपमधून बाहेर पडणं म्हणजे घरात पाणी नको म्हणण्यासारखं होतं. आमची वस्ती शेंद्र्याच्या रस्त्याला. माझे सासरे जिथं मेंढरं चारायचे, तिथं प्लॉट पडले, चार-चार मजली इमारती उठल्या, आणि नळ मात्र कुणाला सुचले नाहीत. टँकर कधी येणार, कोणत्या गल्लीच्या तोंडाला उभा राहणार, हे फोनवरच्या त्या ग्रुपवर कळायचं. दोनशेच्या वर माणसं त्यात. मी चौथी शिकलेली, पण टँकरपायी या वयात फोन शिकले.

मैत्रीण माझ्याच वयाची. आम्ही धनगर, ती बौद्ध. पंचवीस वर्षं शेजार. दोघींचेही नवरे गेलेले. रविवारी ती विहारात बायकांपुढं धम्माचा ग्रंथ वाचायला बसते. माझ्यापेक्षा तीन वर्गच जास्त शिकलीय, पण आवाज असा की बायका चुळबूळ न करता ऐकतात. या वाचनाचा तिला फार अभिमान. उभं आयुष्य दुसऱ्याच्या घरची भांडी घासलेल्या बाईला लोक "ताई, बसा" म्हणतात, ते तिथंच.

वैशाखी पौर्णिमेला ती पांढरीशुभ्र साडी नेसून विहाराच्या पायरीवर उभी होती. मी सहज गेले होते, खीर मिळते म्हणून. म्हणाली, "माझा एक फोटो काढ गं." मी काढला. चांगला आला. मागं पंचशील ध्वज, पुढं ही.

घरी येऊन बघत बसले, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमच्यात अंगावर पांढरं दिसलं की माणूस गेलं असंच वाटतं. मला वाटलं, सणासुदीला हिनं हे काय नेसलं! नातीनं मला मागंच एक खेळ दाखवला होता. फोटो टाकायचा, काय बदलायचं ते तोंडानं सांगायचं, की फोनच बदलून देतो. माझ्या अंगावर तिनं जरीची साडी चढवली होती आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. तेच मी केलं. फोनला सांगितलं, "हिला हिरवी पैठणी नेसव."

त्यानं नेसवली. मी पैठणीचंच बोलले होते, पण त्या शहाण्यानं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं, गळ्यात मंगळसूत्र घातलं, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. तिच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे, तो चुड्याखाली गेला. पायरी तीच, ध्वज तोच, तोंड तिचंच. खोटं आहे असं कुठंच दिसत नव्हतं. मी कुंकू बघितलं, मंगळसूत्र बघितलं. बघितलं नव्हतं असं म्हणणार नाही. मला ती छान दिसली, एवढंच. मी फोटो पाण्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "माझी मैत्रीण. बघा कशी दिसते."

सकाळपर्यंत लोकांनी बघितलं. एकानं लिहिलं, "मावशी, पत्रिका कधी?" दुसऱ्यानं, "नवरदेव कोणत्या गल्लीचा?" हे मी चावटपणा म्हणून सोडून दिलं. पण विहारातल्या एका बाईनं लिहिलं, "ताई, कुंकू कधीपासून लावायला लागलात? आम्हाला शिकवता एक, अन् करता एक?" त्याच्याखाली ओळ आली की मैत्रीण ग्रुपमधून बाहेर पडली.

मला आधी तिचाच राग आला. एवढ्यासाठी बाहेर पडायचं? मी तिच्या फोनवर लिहिलं, "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर. मी चांगल्या मनानं केलं." खाली हात जोडल्याची तीन चित्रं चिकटवली. दोन निळ्या खुणा झाल्या, म्हणजे वाचलं. उत्तर नाही. दिवसभर नाही.

संध्याकाळी नात म्हणाली, "आजी, तू माफी मागितलीस खरी, पण फोटो तर अजून ग्रुपवरच आहे."

"असू दे. लोक विसरतील."

"विसरायला त्यांच्यासमोरून हटला पाहिजे ना?"

मला हे खरं तर आधी सुचायला हवं होतं. बकरी दुसऱ्याच्या शेतात शिरली तर आधी बकरी बाहेर काढतात, मग शेतवाल्याच्या पाया पडतात. पण मी हट्टानं बसून राहिले. मला वाटत होतं, फोटो ग्रुपवरून काढला म्हणजे मी चोर ठरले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मेसेज तिला मिळालाच नव्हता. बायका कॅन घेऊन पळताना बघून ती मागून आली तेव्हा पाइपातून नुसती गुळणी येत होती. तिच्या दोन कॅनपैकी एक अर्धी भरली. मी माझी भरलेली पुढं केली.

"ठेव तुझी," ती म्हणाली.

"अगं घे की. किती ताणशील? माफी मागितली ना मी?"

"कुठं मागितली? माझ्या कानात? अन् फोटो कुठं दाखवलास? चावडीवर!"

"पण मी वाईट काय केलं? पांढऱ्यात तू कशी भकास..."

"भकास?" तिनं कॅन खाली आपटली. "म्हातारे, ते पांढरं मी मेलेल्या नवऱ्यासाठी नाय नेसत. चाळीस वर्षं मालकिणींनी दिलेल्या साड्या नेसले. ही एक मी माझ्या पसंतीनं घेतली, पौर्णिमेसाठी. तेवढीच तुला नको झाली. अन् वरून कुंकू! आता रविवारी कुणापुढं बसून वाचू? बाया म्हणतात ही घरी एक, विहारात एक. मी फोटो काढायला सांगितला होता. मला दुसरी बाई करायला सांगितलं नव्हतं."

आजूबाजूच्या बायकांनी आपल्या कॅन खाली ठेवल्या. ऐकायला मिळालं की आमच्याकडं सगळ्याच गप्प होतात.

घरी आले आणि नातीला म्हणाले, "काढ तो फोटो."

तिनं घड्याळ बघितलं. म्हणाली, आपण पाठवलेलं सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतं, पण दोन दिवसांच्या आसपासच. नंतर फक्त आपल्यापुरतं पुसलं जातं, लोकांकडं तसंच राहतं. आमच्या हातात काही तास उरले होते. नीट ‘सगळ्यांसाठी’ हेच निवडायचं, घाईत ‘माझ्यासाठी’ दाबलं तर माझ्याकडून जाईल आणि बाकीच्यांकडं राहील, हे तिनं मला दोनदा सांगितलं. मी दाबलं. फोटो गेला. तिथं ‘मेसेज पुसला’ एवढी ओळ राहिली.

"झालं?"

"नाही. ज्यांनी पुढं पाठवला, तिथून तो आपल्याला काढता येत नाही. आणि कुणाच्या फोनमध्ये उतरला असेल तर तिथंही राहिला असेल."

मग फोन लावायचं काम आलं. माझ्याच नणंदेनं तो सिल्लोडला आपल्या स्टेटसवर ठेवला होता. ती म्हणाली, "स्टेटस काय, एका दिवसात आपोआप जातं." मी म्हणाले, "ते जाईल तेव्हा जाईल, तू आत्ता काढ, अन् फोनमधूनही काढ. बाई ओळखीची आहे." तिनं काढला, पण दहा मिनिटं मला शहाणपण शिकवून. आणखी तिघांनी पाठवल्याचं कबूल केलं. एका पोक्त माणसानं मलाच विचारलं, "पण मावशी, साडी लई छान होती, कोणतं ॲप?" मी फोन ठेवला.

आता माफी. नातीनं फोनकडूनच लिहून आणलं. वाचलं: "माझ्याकडून अनवधानाने घडलेल्या कृतीमुळे आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते."

"हे कोण बोलतंय, पुढारी? अनवधानानं म्हणजे?"

"म्हणजे चुकून, लक्ष नसताना."

"माझं लक्ष चांगलं होतं. मी बसून केलंय. अन् ‘असल्यास’ कशाला? ती तोंडावर सांगून गेली की दुखावलं."

मग मीच लिहिलं. एका बोटानं, दुपारभर. पण ग्रुपवर टाकण्याआधी तिच्या घरी गेले. न विचारता एकदा टाकून झालं होतं. दारात उभं राहूनच तिला वाचून दाखवलं. ती चष्मा लावून म्हणाली, "आण इकडं." आणि विहारात वाचते तशी एकेक ओळ वाचत गेली.

"‘तिला शोभावं म्हणून केलं.’ हे काढ."

"ते खरं आहे की."

"असेल. पण ते वाचलं की लोक म्हणतील, बिचारीनं प्रेमानं केलं, हीच खडूस. माफी तू मागतेस अन् खडूस मी?"

काढलं.

"‘तिनं मोठ्या मनानं माफ करावं.’ हेही काढ. सगळ्यांसमोर मला कशाला अडकवतेस?"

तेही काढलं. "आता काय उरलं?" मी चिडून म्हणाले.

"जे केलंस ते उरलं. अन् माझं नाव घालू नको. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. तो फोटोही परत दाखवू नको, समजवायला म्हणूनसुद्धा."

उरलं ते असं होतं, आणि ते ग्रुपवर गेलं:

"परवा मी इथं मैत्रिणीचा फोटो टाकला, तो खरा नाही. ती पांढरी साडी नेसली होती. मी फोनवर तिची साडी बदलली. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या फोननं घातल्या, मी त्या बघितल्या आणि तरी टाकला. तिला विचारलं नाही. तिनं यातलं काही घातलं नव्हतं. चूक माझी आहे. फोटो मी पुसला आहे. कुणाकडं असेल तर पुसा, पुढं पाठवला असेल तर तिथंही कळवा. तिच्याबद्दल जे बोललात ते खोट्या फोटोवर बोललात. मला माफी मागायची आहे. तिनं उत्तर द्यावं अशी सक्ती नाही."

पत्रिका विचारणाऱ्यानं आपली ओळ पुसली. विहारातल्या बाईनं लिहिलं, "ताईंना रविवारी आम्ही घ्यायला येतो." मला तिचाही राग आला. एका ओळीत तिनं आपलं उरकून घेतलं होतं. पण मैत्रिणीला ते पुरलं.

ग्रुप चालवणाऱ्या माणसाला मी फोन करून तिला परत घ्यायला सांगितलं, तेही तिला विचारून. रविवारी ती वाचायला गेली. पांढरीच नेसून. दोन बायका तरी तिच्या कपाळाकडं बघत होत्या म्हणे. आमचा मेसेज सगळ्यांनी वाचला नव्हता. फोटो सगळ्यांनी बघितला होता.

संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली. बसली नाही.

"तुझ्या फोनमध्ये तो खरा फोटो आहे का अजून?"

"आहे. तुला पाठवू?"

"पाठव. अन् मग तुझ्याकडचा पूस."

"तो तर बरोबर आहे गं. त्यात काय..."

"पूस."

मी पाठवला आणि पुसला. ती म्हणाली, कचऱ्याच्या डब्यातूनही. तिला तेही माहीत होतं, तिच्या नातवाकडून कळलं असणार. डब्यातूनही काढला. मग ती बसली. पाणी मागितलं नाही, मीही विचारलं नाही, दुष्काळात तशी पद्धतच पडली होती. तिनं सांगितलं की आवाज आज पहिल्या पानावर जरा बसला होता, पुढं सुटला. मी म्हणाले, बरं.

माफ केलं असं ती कधी बोलली नाही. मला फोटो काढायलाही तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही. आता नातवाकडून काढून घेते.