दुसऱ्यांदा लिहिलेलं मूल्यमापन

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कारखान्यात एक नवी पद्धत आली. तोवर वर्षाच्या शेवटी साहेब बंद पाकिटात आपल्याबद्दल काय लिहितात ते आपल्याला कधी कळत नसे. आता म्हणे आधी आपणच आपल्याबद्दल लिहायचं, मग साहेब त्यावर शेरा देणार, आणि त्यांच्यावरचे साहेब ते तपासणार. चार पानांचा इंग्रजी फॉर्म होता. वर्षभरातली कामगिरी, आलेल्या अडचणी, कमी कुठे पडलात, कशाचं प्रशिक्षण हवं.

मी गुजरातेत, हजीरा रोडवरच्या त्या कारखान्यात प्रयोगशाळेत केमिस्ट होते. बॉयलरला जाणारं पाणी तपासणं हे माझं मुख्य काम. रोज सकाळी भेस्तानहून कंपनीच्या बसने निघायचं आणि उतरल्या उतरल्या ॲप्रन चढवायचा. काम मला आवडायचं. पण त्याबद्दल लिहायचं म्हटल्यावर मी अवघडले. आमच्याकडे, अमळनेरच्या बाजूला, स्वतःची तारीफ करणाऱ्या बाईला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

माझे यजमान एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते. त्यांनी असा फॉर्म जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या शेठने "चालशे", म्हणजे चालेल, म्हटलं की वर्ष पार पडलं. पण यजमानांचं मत मात्र ठाम होतं.

"चांगलं दणकून लिही," ते म्हणाले. "आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार? बाकीचे काय गप्प बसणार आहेत?"

बाकीचे गप्प बसलेच नव्हते. कुठून तरी एक टाइप केलेला नमुना हातोहात फिरत होता, त्याची झेरॉक्स माझ्याकडेही आली. मी त्यातली वाक्यं उचलली. पाण्याच्या गुणवत्तेत मी आमूलाग्र सुधारणा घडवली. खर्चात भरीव बचत केली. मी विभागाचा आधारस्तंभ आहे. 'कमी कुठे पडलात' या रकान्यात नमुन्यातलंच उत्तर होतं: मी कामात फार झोकून देते.

जेवणं झाल्यावर यजमानांनी सगळं मराठीत सांगायला लावलं. सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या, आणि शेवटी आपल्या अहिराणीत अगदी सरळपणे त्यांनी विचारलं, "हाई कोन बाई शे?"

यजमान खो खो हसले. मीही हसले. फॉर्म ऑफिसातल्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला आणि तसाच नेऊन दिला.

आमचे साहेब भरूचकडचे, निवृत्तीला टेकलेले. रागावले तरी आवाज चढायचा नाही. दोन दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तीन फॉर्म शेजारी शेजारी उघडे होते आणि प्रत्येकाच्या वरच्या भागावर, नाव झाकायला, त्यांनी कुठे डबी, कुठे पेनस्टँड, कुठे चष्म्याचं घर ठेवलं होतं.

"बेन, आ कोनुं छे?" हा कोणाचा, असं मधल्या फॉर्मवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. मलाच सांगता येईना. तिन्ही फॉर्मांत आधारस्तंभ होता, तिन्ही माणसं कामात फार झोकून देत होती. मी कानांपर्यंत लाल झाले.

"माझ्या खात्यात इतके स्तंभ असतील तर छप्पर पडायची भीती नाही," ते हिंदीत म्हणाले, पण हसले नाहीत. "बसा. यावर मी वरती काय शेरा देऊ? 'हो, सुधारणा केली'? ते विचारतील, कसली? आधी काय होतं, तुम्ही काय बदललंत, मग काय झालं, एवढंच सांगा. बोला, मी ऐकतो."

मी बोलायला लागले. बॉयलरमध्ये थर धरणारी पाण्यातली सिलिका मोजताना पाळीपाळीनुसार आकडे वेगळे यायचे, हे त्यांनाही आठवत होतं. आकडा जास्त आला की बॉयलरवाले जादा पाणी बाहेर सोडायचे, म्हणजे तापवलेलं पाणी नाल्यात. संध्याकाळच्या पाळीच्या केमिस्टला शंका आली की नमुन्याच्या बाटल्या काचेच्या आहेत, काचेतूनच सिलिका पाण्यात उतरत असेल. मी एकच पाणी काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून ठेवलं आणि आठवडाभर दोन्हींतलं पाणी तपासलं. काचेतला आकडा खरंच चढत होता. मग सगळ्या बाटल्या बदलून घेतल्या. तपासणीचं रसायन घातल्यावर रंग उमटायला किती वेळ थांबायचं तेही प्रत्येक पाळीला सारखं ठरवून भिंतीवर लावलं.

"हे का नाही लिहिलंत?"

"साहेब, बाटल्या बदलल्या, यात लिहिण्यासारखं काय?"

"यातच आहे," ते म्हणाले. "आणि शंका ज्याला आली त्याचंही लिहा. आता सांगा, राहिलं काय?"

 राहिलेलं मला चांगलंच माहीत होतं. पीएच मीटरचं इलेक्ट्रोड बिघडत आल्याचं पावसाळ्याआधीच दिसत होतं. स्टोअरला मागणी मी पाठवायची होती. आज करू, उद्या करू करत ती लांबली, इलेक्ट्रोड गेलं, आणि नवीन येईपर्यंत कितीतरी आठवडे सगळी प्रयोगशाळा उरलेल्या एकाच मीटरवर रांग लावून काम करत होती. ते मी खाली मान घालून सांगितलं.

"हे लिहिलं तर..."

"तर मला कळेल की बाकीचंही खरं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला.

या वेळी नमुना जवळ नव्हता. कँटीनमधल्या दुपारच्या रिकाम्या टेबलावर बसून मी लिहिलं. 'आमूलाग्र सुधारणा' गेली, तिथे बाटल्या आल्या. 'भरीव बचत' लिहायला हात गेला होता, पण किती वाचलं हे मी मोजलं नव्हतं. म्हणून लिहिलं, पाळ्यांमधला फरक कमी झाला आणि सिलिकापायी जादा पाणी सोडावं लागल्याची तक्रार त्यानंतर आली नाही. ते सोडणं न सोडणं बॉयलर विभागाच्या हातात असल्याने श्रेय त्यांचंही. शेवटच्या रकान्यात: इलेक्ट्रोडची मागणी वेळेत पाठवली नाही, त्यामुळे अमुक अडचण झाली, यापुढे इलेक्ट्रोड बिघडत आल्याचं दिसलं त्याच दिवशी मागणी पाठवीन. एकही विशेषण न घालता पान भरलं, याचं मलाच नवल वाटलं.

घरी यजमान जरा खट्टू झाले. "चूक आपल्याच हाताने लिहून दिलीस?"

"चूक सगळ्यांनी पाहिलीच होती," मी म्हटलं. "रांगेत तेच तर उभे होते."

सर्वोत्तम शेरा मला मिळाला नाही. त्याच्या खालचा मिळाला, आणि पगारवाढ झाली ती नेहमीसारखीच. पण वरच्या साहेबांनी फॉर्म वाचून आमच्या साहेबांकडे बाटल्यांची चौकशी केली. प्रयोगशाळेत सुटं इलेक्ट्रोड कायम ठेवायची परवानगीही त्यांनी देऊन टाकली, जी आम्ही तोंडी कित्येकदा मागितली होती. संध्याकाळच्या केमिस्टने आपलं नाव फॉर्ममध्ये असल्याचं कळल्यावर माझ्यासाठी घरून खमण आणलं.

पावसाळा लागायच्या सुमारास इच्छापोरला असलेल्या आमच्या दुसऱ्या युनिटमधल्या केमिस्टना हे बाटल्यांचं सगळं समजावून सांगायला मला पाठवलं. गुजराती माझी अजून अडखळत होती. सिलिका काचेतून "उतरते" याला गुजराती शब्द सापडेना, म्हणून मी काचेची बाटली हातात धरून दाखवली, आणि मागच्या खुर्चीतल्या एका वयस्कर बाईंनी लगेच वहीत लिहून घेतलं. तास कधी संपला ते कळलं नाही. चहा आला, आणि सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता माझा कप गार होऊन गेला.