चार अक्षरांची पाटी, आठ अक्षरांची पाटी

"मी डोळ्यांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले, आणि माझी जाऊ टांग्यात रक्ताने भिजत होती.

धाकटे भाऊजी खाली उभे होते. त्यांना ते ऐकू आलं नाही की समजलं नाही, कोण जाणे. ते पुन्हा म्हणाले, "डॉक्टर, बाळंतपणाची बाई आहे. लवकर बघा." डॉक्टर तरुण होते. दवाखाना उघडून फार तर महिना झाला असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी डोळ्यांचा आहे. मला बाळंतपण येत नाही असं नाही, कॉलेजात केली आहेत, पण माझ्याकडे इथं काहीच नाही."

त्यांच्या डोक्यावर, दाराच्या वर पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. ती पाटी माझ्या घराच्या ओट्यावर वाळली होती.

माझे यजमान पेंटर होते. कल्याणला स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर आमची एक खोली आणि पुढे ओटा, तोच त्यांचा कारखाना. दुकानांच्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या पाट्या करायचे. पत्र्याला अस्तर लावणं, दोऱ्याला खडू फासून रेघा मारणं, ब्रश रॉकेलमध्ये धुणं ही कामं मी करायची. अक्षरं ते काढायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे मराठी अक्षर वाचता येत होतं. इंग्रजी अक्षर मला चित्रासारखं ओळखू येई, त्याचा अर्थ नाही.

नावापुढच्या पदव्यांचा क्रम हा त्यांचा अभिमानाचा विषय. गिऱ्हाईक कागदावर काहीही उलटसुलट लिहून आणी. ते कागद बाजूला ठेवून विचारत, "आधी काय मिळवलंत?" सरकारने दिलेला मान असेल तर तो नावाला लागून. मग विद्यापीठाच्या पदव्या, लहानीपासून मोठीपर्यंत. मग डिप्लोमा. एखाद्या मंडळाचं सभासदत्व असेल तर सगळ्यात शेवटी. एम.ए. झालेल्याने बी.ए. लावायचं नाही, ते त्यातच आलं. पण वकिलाने बी.ए., एल्एल.बी. दोन्ही लावायच्या, कारण एक पदवी दुसरीत मोडत नाही. एका वकिलाला एल्एल.बी. आधी हवी होती. म्हणे, कोर्टात तीच लागते. यजमान म्हणाले, "आधी मुंज का आधी लग्न?" वकील हसले आणि तशीच पाटी घेऊन गेले. एक मास्तर आले, त्यांना नावापुढे 'एम.ए. (पहिलं वर्ष)' हवं होतं. त्यांना यजमानांनी सांगितलं, "मास्तर, पायाच भरलेल्या घरावर नंबर लावत नाहीत." मास्तर चिडून दुसऱ्या पेंटरकडे गेले. त्याने लिहून दिलं.

त्या दिवशी यजमान ठाण्याला होते. कोपरीला एका शाळेची पाटी भिंतीवरच रंगवायची होती, म्हणून सकाळीच गेले होते. भाऊजी आणि जाऊ विठ्ठलवाडीला राहात. भाऊजी मॅट्रिक, कारकून. जाऊ बाळंतपणाला माहेरी जायची होती, पण तिची आई आजारी पडली म्हणून राहिली. दिवस भरायला थोडा अवकाश असतानाच रक्त जायला लागलं. सुईणीने बघितलं आणि हात धुतले. म्हणाली, "हे माझ्या हातचं नाही. कल्याणला न्या." वाटेत टांगा आमच्या दारात थांबवून भाऊजींनी मला बरोबर घेतलं.

आमच्याकडे एकाच गल्लीत दोन पाट्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरीण बाईंची. पाटी जुनी, रंग उडालेली, नावापुढे एल.सी.पी.एस., म्हणजे डॉक्टरीची जुनी, धाकटी परीक्षा, आणि खाली बारीक अक्षरांत 'बाळंतपणाची सोय'. वरच्या मजल्यावर चार खाटा होत्या. निम्म्या कल्याणची मुलं त्यांच्या हातची. पुढे थोड्या अंतरावर ही नवी पाटी. नाव, त्यापुढे एम.बी.बी.एस., डी.ओ.एम.एस. आणि कंसात लंडन. वर इंग्रजीत, खाली तेच मराठीत.

बाईंच्या दाराशी मी म्हटलं, "भाऊजी, इथंच थांबवा."

"वहिनी, इथं कशाला? चार अक्षरांची पाटी! ती पण पुसट झालेली. पुढे लंडनचा डॉक्टर आहे, एम.बी.बी.एस. आणि वर आणखी काहीतरी. दादानेच केलीय पाटी, तुम्हाला माहीत नाही?"

"बाई बाळंतपणं करतात."

"बाळंतपणं सुईणपण करते. सुईणीने हात टेकले म्हणून तर आलोय ना? आता मोठ्याच डॉक्टरकडे जायचं." आणि टांगेवाल्याला म्हणाले, "चल रे."

जाऊ माझा हात धरून होती. ती म्हणाली, "जाऊबाई, भांडू नका. कुठंही न्या." ती शहाणी होती. घरात शब्दाला शब्द कधी लावला नाही.  ठरवणारे तिचे मालक होते, मी नव्हते.

त्या काळी असंच होतं. ज्याच्या नावाची शेपटी लांब तो डॉक्टर मोठा. कुठलं अक्षर कशाचं हे कोणी विचारत नसे. मॅट्रिक झालेल्यांनाही ठाऊक नसे, आणि नाही म्हणायची त्यांना लाज वाटे. माझ्यासारखीला निदान लाज तरी नव्हती. पण मलाही एवढंच माहीत होतं, की ते लंडनचे डॉक्टर आहेत. डोळ्यांचे आहेत हे गल्लीत अजून पसरलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला आत घ्यायला लावलं. त्यांना वाटलं असेल, निदान नाडी तरी बघावी. भाऊजींनी टांगेवाल्याला पैसे देऊन मोकळं केलं. ती चूक झाली. आत एक खुर्ची होती, भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. पलंग नव्हता. बाकावर निजवलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "आताच्या आता बाईंकडे." भाऊजी टांगा आणायला धावले. टांगा मिळेना. शेवटी डॉक्टरांनी आणि समोरच्या दुकानातल्या दोघांनी तिला बाकासकट उचललं. डॉक्टर पुढच्या बाजूला होते. अंगात कोट, पायात बूट, आणि बाकाच्या कडेने रक्त त्यांच्या बुटावर पडत होतं. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कोणी म्हणालं, "लंडनचा डॉक्टर बाक उचलतोय." ते त्यांनी ऐकलं असणार.

डॉक्टरीण बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी मला बाहेर काढलं आणि त्या तरुण डॉक्टरांना आत ठेवलं. म्हणाल्या, "हात धुवा आणि मी सांगते ते करा." मी जिन्यात बसले. भाऊजी खाली रस्त्यावर उभे होते, वर आले नाहीत. आधी पोर रडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "मुलगी आहे. आई गेली."

मी विचारलं, "आधी आणली असती तर?"

त्या उगाच धीर देणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही. वार मुलाच्या पुढे, वाटेवर आली होती, अशा बायका कुठंही दगावतात. पण अंगात रक्त होतं तेव्हा माझा हात लागला असता." मग म्हणाल्या, "माझ्या दारावरून नेलीत ना? मी खिडकीत होते. टांगा बघितला. मला वाटलं, दुसरीकडे कुठं निघालाय."

यजमान संध्याकाळी आले. सगळं उरकल्यावर ते एकटेच गल्लीत गेले आणि लंडनच्या डॉक्टरांच्या पाटीखाली उभे राहिले. मी बोलवायला गेले तेव्हा म्हणाले, "त्यांनी लिहून आणलं होतं."

"काय?"

"नेत्ररोगतज्ज्ञ. तिसरी ओळ. मीच काढायला लावली."

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टर कागद घेऊन आले तेव्हा तिसऱ्या ओळीत ते होतं. यजमान म्हणाले होते, तीन ओळी घातल्या की अक्षर बारीक होतं, रस्त्यावरून कोण वाचणार? दोन ओळी ठेवा, अक्षर हातभर येईल. डी.ओ.एम.एस. म्हणजेच डोळ्यांचा डिप्लोमा, तर तेच पुन्हा मराठीत कशाला? उगाच दुकानासारखं दिसतं. डॉक्टरांनाही ते पटलं. तेही म्हणाले होते, हो, जाहिरात केल्यासारखं दिसायला नको, आमच्या धंद्यात ते बरं समजत नाहीत. दोघांनी मिळून ती ओळ काढली. पाटी फार सुरेख झाली. कल्याणात तिच्यासारखी दुसरी नव्हती.

"डॉक्टरला डॉक्टरचं कळतं," यजमान म्हणाले. "मला वाटलं, सगळ्यांना कळेल."

मी म्हटलं, "घरी चला. पोरीला दूध लागेल, बघायला हवं."

तेराव्यानंतर डॉक्टर आमच्याकडे आले. पाटी त्यांनी स्वतः उतरवून आणली होती. ओट्यावर ठेवली. माझ्या मांडीवर पोर होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. यजमानांना म्हणाले, "तिसरी ओळ लिहा."

यजमानांनी खडू घेतला आणि 'नेत्ररोगतज्ज्ञ' अशी खूण करायला लागले.

"ते नको," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांचे डॉक्टर, एवढंच."

"जागा होत नाही, साहेब."

"लंडन काढा."

यजमान थांबले. म्हणाले, "साहेब, लंडन काढलं तर लोक म्हणतील खोटं होतं म्हणून काढलं."

"म्हणू दे. ज्यांना कळायचं त्यांना अक्षरांवरून कळतं. एम.बी.बी.एस. पहिलं राहू दे, त्याच्याशिवाय मी डॉक्टरच नाही. डी.ओ.एम.एस. त्याच्या मागे. आणि खाली ही ओळ वरच्यापेक्षा मोठी."

"खालची ओळ वरच्यापेक्षा मोठी करत नाहीत."

"माझी करा."

यजमानांनी केली. बसून, एका दिवसात. वेडीवाकडी दिसत होती ती पाटी. वरची अक्षरं निम्मी झाली होती आणि खाली ढब्बू अक्षरांत 'डोळ्यांचे डॉक्टर'. दुसरे पेंटर येऊन हसून गेले. एकाने विचारलं, "काय रे, दारू पिऊन काढलीस का?"  पण त्यानंतर कोणीही डॉक्टर आला, दाताचा, कानाचा, कसलाही, तर ते आधी विचारायचे, "तुम्ही नक्की काय बघता?" आणि ते पुरं मराठीत लिहायचे. ज्याला नको असेल त्याचं काम घ्यायचे नाहीत. आमचं गिऱ्हाईक कमी झालं. 

डॉक्टरीण बाईंची पाटी यजमानांना नव्याने करून द्यायची होती. त्या म्हणाल्या, "राहू दे. ज्यांना यायचं ते येतात." मग म्हणाल्या, "पण खालची ओळ तेवढी उठावदार करा." ती यजमानांनी शिडीवर चढून जागेवरच केली.

भाऊजींनी वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. त्या गल्लीतून ते पुन्हा कधी गेले नाहीत, वळसा घालून जायचे. पोरीला न्यायला एकदा आले होते. नवी जाऊ दारात उभी राहिली, आत आली नाही. मी म्हटलं, "राहू दे इथंच." ते लगेच हो म्हणाले.

विठ्ठलवाडीहून टांगा निघाला तेव्हा त्यात जाऊ होती, भाऊजी होते, पोटात पोर होती. कल्याणला मी चढले. जाऊ गेली. टांग्यातले बाकीचे आम्ही तिघं जगलो. पोर माझ्याकडे वाढली.