ॲसिडनं चकचकीत केलेला पाइप

माजलगावात नळाची कामं करताना माझं डोकं फिरतं ते एकाच गोष्टीनं. थेंब गळतो तवा लोक बोलवत न्हाईत, बोलवतात ते घरात तळं झाल्यावर. बैल गेला अन् झोपा केला.

पण ज्यांची ही गोष्ट, त्या काकू तशा वाटल्या नव्हत्या. घर इतकं लख्ख, की चप्पल कुठं काढावी ते कळंना. कारखान्यातून रिटायर झालेल्या काकांना लकवा मारलेला. जीभ गेलती, एक अंग गेलतं, पण समजत सगळं व्हतं. काकू त्यांना रोज गिझरखाली खुर्चीवर बसवून आंघोळ घालायच्या.

एके दिवशी त्या टॉवेल आणायला बाहेर गेल्या, अन् गिझरमधून गरम पाणी येतं तो कनेक्शन पाइप नटापाशी फुटला. कढत पाणी काकांच्या खांद्यावरून मांडीवर. सरकता येईना, ओरडता येईना. पाण्याचा आवाज ऐकून काकूंना वाटलं, बादली भरतीय.

काका दवाखान्यातून घरी आल्यावर मला नवा पाइप बसवायला बोलावलं. जुना सोडवला. वरची स्टीलची जाळी नटापाशी गंजून तुटलेली, आतलं रबर फाटलेलं. नट मात्र नव्यासारखा. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं महिनाभरात पांढरं पुट धरतं, इथं कणही न्हाई.

"काकू, ह्याला काय लावत व्हता?"

"लादीचं ॲसिड. नटातून थेंब गळायचा, पांढरं धरायचं. मग ब्रशनं चोळायचे दर शुक्रवारी."

माझं डोकं सणकलं. "गळतंय तर मला बोलवायचं ना. चोळायचं कशाला?"

"एका थेंबासाठी काय बोलवायचं, भाऊ?"

मग मी सांगितलं. पाणी रबराच्या नळीतून जातं, जाळी तिला आवळून धरते. ॲसिडनं तारा खाल्ल्या, नळी फुगली अन् फुटली. गप बसता आलं असतं. पाइप जुना झालता म्हणलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. पण नव्या पाइपालाबी तेच चोळलं असतं, अन् खाली पुन्हा काकाच बसले असते.

काकू बराच वेळ पदरानं हात पुसत राहिल्या. हात कोरडेच व्हते.

"म्हणजे मीच भाजलं त्यांना."

मला लई वाईट वाटलं, अन् रागबी आला, कुणाचा ते कळंना. नवा पाइप लावला, वायसर नीट बसवलं, कॉक उघडून हात फिरवून पाहिलं. कोरडं व्हतं.

"एवढं त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका, भाऊ," काकू हळूच म्हणल्या.

मी हत्यारं उचलून वळलो. बाथरूमचं दार सताड उघडं व्हतं, अन् समोरच काकांची खाट. पट्ट्या बांधलेले काका डोळे उघडे ठेवून आमच्याकडंच पाहत व्हते. काकूंनीबी पाहिलं. मग काकांनी वळवता येईल तेवढं तोंड भिंतीकडं वळवलं.