तासाचा कागद

माझी गर्भाची पिशवी काढायची ठरली तेव्हा मला पोटापेक्षा पीटीच्या तासाची काळजी जास्त होती. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. पण कर्नाटकातल्या, सीमेवरच्या आमच्या मराठी शाळेत आधीच शिक्षक मोजके. त्यात मी सहा आठवडे गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आणि मग घरी पडून राहणार. मैदान मोकळं राहिलं की पोरं भिंतीवर चढतात, विटा फेकतात, दात पाडून घेतात. बावीस वर्षं मी हेच होऊ दिलं नव्हतं, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

हेडसर म्हणाले, "मॅडम, तासाचा एक कागद लिहून द्या. कुणीबी घेऊ शकेल असा."

तो 'कुणीबी' म्हणजे त्या वर्षी विज्ञानाला आलेली अतिथी शिक्षिका, म्हणजे एका वर्षापुरती बोलावलेली. खटकचिंचोळीकडची, पंचविशीची, घरात कन्नड, शाळेत मराठी, मला अक्का म्हणायची. तिच्या हाती मी पहिला कागद दिला तो माझी विद्या दाखवणारा होता. खो-खोतली खांबाची वळणं, लांब उडीआधीची धाव, कवायतीचे हुकूम. तिनं तो वाचला आणि विचारलं, "अक्का, यातलं मला एकबी येत न्हाई. एखाद्या पोराचा पाय मोडला तर मी काय करू?"

राग आला होता मला. मग घरी जाऊन कागद फाडला, कारण तिचं बरोबर होतं. वाचणाऱ्याला काही येत नाही असं धरूनच असा कागद लिहायचा असतो. मी तो नव्यानं लिहिला, आणि लिहिलेली एकेक ओळ शाळेच्या पायरीवर बसून तिला वाचायला लावली. ती जिथं अडखळली तिथं मी खोडलं.

तो कागद मला अजून पाठ आहे. मैदानात आधी एक फेरी मारून खडे, काचा, तारा बघायच्या. पोरांनी लिंबाच्या झाडापासून झेंड्याच्या खांबापर्यंतच राहायचं, पाण्याच्या टाकीमागं कुणी जायचं नाही. हजेरी आधी, खेळ नंतर. हात वर केला की सगळ्यांनी होते तिथं खाली बसायचं, आणि हे पहिल्या दिवशी चार वेळा करून घ्यायचं. हात पसरून एकमेकांना लागणार नाहीत इतकं अंतर. जागच्या जागी हातपाय मोकळे करणं, मग गोलात उभं राहून मऊ चेंडू देणं-घेणं, मग 'राजा म्हणतो', शेवटी सावलीत बसून पाणी. भालाफेकीचा भाला, थाळी, गोळा कुलपात आणि किल्ली हेडसरांकडे. कबड्डी नाही, लंगडी नाही, कारण जमीन खडबडीत. ऊन फार झालं तर वर्गातच बसून खेळायचे दोन खेळ लिहिले होते. कुणाला लागलं किंवा कुणी पडलं तर त्याला हलवायचं नाही, वर्गाला खाली बसवायचं, दोन पोरं ऑफिसात पाठवायची, आपण जागा सोडायची नाही. आणि शेवटी ठळक अक्षरात, कुणाला दम लागला, चक्कर आली, नको वाटलं, तर त्यानं सावलीत बसावं, त्याला कारण विचारू नये. पूर्ण कागदात 'पळा' हा शब्द एकदाही नव्हता.

ही शेवटची ओळ मी एका पोरीसाठी लिहिली होती. सातवीतली, शेतावरच्या वस्तीतून चालत येणारी, शांत. तिला दमा होता. तिच्या आईनं एकदा माझ्या घरी येऊन पदराआडून पंप दाखवला होता आणि म्हणाली होती, "बाई, कुणाला कळू देऊ नका. दम्याची पोर म्हनल्यावर तिला सून म्हनून कोण करून घेईल?" मी शब्द दिला. म्हणून नाव लिहिलं नाही, आणि भिंतीवर लावायच्या कागदावर आजारपण लिहायचंही नसतं. ते एका चिठ्ठीवर लिहून हेडसरांना बंद पाकिटात द्यायला हवं होतं. आईला परत विचारलं असतं तर कदाचित तिनं हो म्हटलं असतं. मी विचारलं नाही. ती ओळ पुरेल असं मला वाटलं.

पण खरी गोष्ट चिठ्ठीची नाही. खरी गोष्ट ही की माझा तास त्या कागदासारखा कधीच नव्हता. माझ्या तासाला उशिरा येणाऱ्याला मैदानाला दोन चकरा पळाव्या लागायच्या. बावीस वर्षांचा रिवाज. कुणी कुरकुरलं नाही, आईबापांनाही तेच आवडायचं, बाई कडक आहेत म्हणायचे. शिक्षा म्हणून पळवायला बंदी आहे हे मला माहीत होतं, म्हणूनच ते कागदावर आलं नाही. कागदाखाली हेडसरांची सही होणार होती. 'उशिरा आलेल्यांच्या चकरा बंद' असं लिहिलं असतं तर चकरा होत्या हे कबूल करावं लागलं असतं. मी लिहिलं काहीच नाही. त्याऐवजी एक भोळी ओळ टाकली. 'काही अडलं तर वर्गप्रमुखाला विचारा, मुलांना सगळं ठाऊक आहे.'

ती पोर वस्तीवरून यायची, तिला आठवड्यातून दोनदा उशीर व्हायचाच. इतर पोरं पळायची आणि ती लिंबापलीकडं गेली की मी तिला मानेनं खुणावायची. ती चालायची. मी दुसरीकडं बघायची. पहिल्या वेळी तिला म्हटलं होतं, "तू चाल. पर कुणाला सांगायचं न्हाई, न्हाईतर सगळीच चालाय लागतील बघ." तिनं मान हलवली होती.

माझं ऑपरेशन होऊन बाराच दिवस झाले होते. उशीला टेकून बसले होते, टाके ओढत होते. अतिथी शिक्षिकेचा फोन आला. ती बोलत सुटली. दोन पोरं उशिरा आली, त्यात एक ती वस्तीवरची. तिनं कागद पाहिला, उशिराचं काही नव्हतं. मग तिनं वर्गप्रमुख पोरीला विचारलं, कारण कागदात तसंच होतं. ती पोर म्हणाली, "बाई दोन चकरा मारायला लावतेत." हिनं सांगितलं, हळू पळा. तुरीच्या राशी सुरू होत्या, हवेत सगळा मळणीचा भुसा. दुसऱ्या चकरेला ती वस्तीवरची पोर लिंबाजवळ खाली बसली, ओठ निळे पडले. पंप घरी, ट्रंकेत, कुणाला दिसू नये म्हणून.

बाकी सगळं तिनं कागदाबरहुकूम केलं. वर्ग खाली बसवला. दोन पोरं ऑफिसात पाठवली. पोरीला आडवं न करता बसतं धरून ठेवलं, जागा सोडली नाही. हेडसरांनी रिक्षा काढली, आधी औरादचा दवाखाना, मग बिदर. चार दिवस ऑक्सिजनवर. पोर वाचली.

"अक्का," ती फोनवर शेवटी म्हणाली, "मुलांना विचारा म्हणून तुम्हीच लिवलं होतं ना?"

मी व्हय म्हणाले. मग फोन ठेवला.

चौकशी झाली. तालुक्याहून शिक्षण खात्याचा माणूस आला, त्यानं कागद वाचला आणि हेडसरांना म्हणाला, असा नीटनेटका कागद मी पाहिला नाही. कागदात चकरा नाहीत, पळणं नाही, दम लागला तर बसवा असं ठळक लिहिलंय. म्हणजे चूक कागद न पाळणाऱ्याची. हेडसरांनी मला फोन करून हे खुशखबर दिल्यासारखं सांगितलं. "मॅडम, तुम्ही सुटलात."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, टाके दुखायलेत, नंतर बोलू. तो नंतर कधी आला नाही. वर्गप्रमुख पोरीनंच चकरांचं सांगितलं असं ती शिक्षिका म्हणाली, पण त्या पोरीला कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि पोरांनीही काही सांगितलं नाही, कारण पोरांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. चकरा म्हणजे रोजचीच गोष्ट. पुढच्या वर्षी त्या शिक्षिकेला शाळेनं बोलावलं नाही. ती आता भालकीला कुणाच्या तरी दुकानात बसते असं ऐकलं. मी तिला एकदाही फोन केलेला नाही. नंबर आहे माझ्याकडं. मी भित्री आहे, एवढंच त्याचं कारण.

आणि पोरीच्या आजाराची गोष्ट गावभर झाली. आईनं ज्या भीतीनं पंप ट्रंकेत ठेवला होता तीच खरी ठरली. बापानं शाळेतून तिचा दाखला काढला. मी घरी गेले होते, टाके भरून आल्यावर. बाप दारातच उभा राहिला. "बाई, आता कामून आलाव? शाळेत घातलं म्हनून सगळ्याला कळलं." आई आत चुलीपाशी बसून होती, तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. मी आपली पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता परतले.

माझा तो कागद मात्र गाजला. बैठकीत वाचून दाखवला, झेरॉक्स काढून आसपासच्या शाळांना वाटला. भिंतीभिंतीवर लागलाय. 'मुलांना सगळं ठाऊक आहे' ही ओळ तशीच आहे.

मी चकरा बंद केल्या. उशिरा येणारा आता येऊन गोलात उभा राहतो, बस्स. इतकं सोपं होतं ते. ते बघितलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

गेल्या पावसाळ्यानंतर औरादच्या बाजारात ती वस्तीवरची पोर दिसली. आईबरोबर, मेथीच्या जुड्या घेऊन पोत्यावर बसलेली. उंच झाली होती. आई सुट्टे आणायला शेजारच्या दुकानात गेली होती. मी वाकून जुडी उचलली. बरी आहेस का, म्हटलं. व्हय म्हणाली. पंप जवळ असतो का, म्हटलं. तिनं पोत्याखालची पिशवी दाखवली. मग इकडंतिकडं बघून ती हळूच, शाबासकी मिळावी अशा चेहऱ्यानं म्हणाली,

"बाई, त्या दिवशी नव्या बाई पळ म्हनल्या ना, तवा मला म्हनता आलं आसतं. पर म्या न्हाई सांगितलं. तुमी मला चालू देता ते म्या आजून कुनालाच सांगितलं न्हाई."