खिडकीतून शिकलेली पानं

धुळ्यात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वडील सरकारी कचेरीत कारकून. खोल्या दोनच, पण समोर लांबलचक गॅलरी होती, आणि ती सगळी आजीच्या ताब्यात होती. मातीच्या कुंड्या, डालड्याचे डबे, गळका माठ, जे हाताला लागेल त्यात तिने झाडं लावली होती. मोगरा, जास्वंद, गुलाब, तुळस, कढीपत्ता. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पिवळं आणि पोपटी तिला एकसारखंच दिसू लागलं होतं. म्हणून कुणाला तरी पानं ओळखायला शिकवायची, असं तिने ठरवलं.

मला वाटलं, ती मलाच शिकवणार. मी तिच्या कुशीत झोपणारी नात. पण त्याच वर्षी रावेरहून माझी आतेबहीण आमच्याकडे शाळेला आली. आत्याला बाळ होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. आतेबहीण माझ्याच वयाची, केळीच्या बागेत वाढलेली, पायाच्या टाचा फुटलेल्या. दुसऱ्याच सकाळी आजीने गॅलरीतून हाक मारली, ती तिला.

"आठे ये. हाई पान देख. काय दखास तुले?"

मी आत खिडकीपाशी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते. त्या दिवसापासून माझी बसायची जागा तीच झाली. पुस्तक उघडं असायचं, पण कान सगळे बाहेर.

आजी विचारायची, "पिवळं पान खालचं शे का वरचं?"

"खालचं. जुनं."

"सगळं सारखं पिवळं?"

"हो."

"मग झाड उपाशी आहे. जुन्या पानातलं काढून ते कोवळ्याला देतं. शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी दे, पण पातळ."

दुसऱ्या दिवशी गुलाबाचं कोवळं पान पिवळं निघालं. शिरा मात्र हिरव्या होत्या. आजी म्हणाली, हे उपाशीपण वेगळं. विहिरीचं जड पाणी घातलं की मातीत असलेलंही झाडाला उचलता येत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलाय का ते बघ. थर होता. मग तो खरवडून, वरची माती बदलून, नळाचं पाणी सुरू झालं. पान उलटं करून बघायचं, हेही तिनेच शिकवलं. खाली बारीक जाळं आणि धुळीसारखे ठिपके असले तर कोळी, पाण्याच्या धारेने धुवायचा. पान चिकट लागलं आणि मुंग्या चढताना दिसल्या तर मावा.

आतेबहीण भराभर उत्तरं द्यायची. तिचं उत्तर बरोबर आलं की मी पुस्तकाचं पान जोरात उलटायचे. जेवताना आजीने तिच्या ताटात कळण्याच्या भाकरीवर जरा जास्त तूप घातलं, तर मी माझी भाकरी कोरडीच खाल्ली. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

शेवटी मी एकदा विचारलंच. "मला का नाही शिकवत?"

"तुला विचारलं होतं की मागे," आजी म्हणाली. "पान दाखवलं की तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. आजीला कोणतं उत्तर पाहिजे, ते शोधत. ती पानाकडे बघते."

मला रडू आलं. ते खरं होतं म्हणून तर जास्तच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आजीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला काकांकडे नेलं. एसटीत बसण्याआधी तिने आतेबहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बठ्ठी, सगळी झाडं तुझ्या हवाली." माझ्या गालावरून नुसता हात फिरवला.

मग मोगरा माना टाकू लागला.

बाहेर रस्ता तापलेला, वारा भट्टीतून आल्यासारखा. झाड तहानलं, असंच कुणालाही वाटेल. आतेबहिणीने पाणी वाढवलं. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. तरी पानं लोंबतच राहिली, खालची पिवळी पडून गळू लागली. ती घाबरून दुपारीही पाणी घालू लागली.

मी खिडकीतून बघत होते. तहानलेलं झाड दुपारी मान टाकतं आणि सकाळी उठून उभं राहतं, हे आजीने जास्वंदीपाशी सांगितलेलं मला पाठ होतं. हा मोगरा सकाळीही पडलेलाच होता. आणि तहानेनं वाळलेलं पान कुरकुरीत होतं. ही पानं ओल्या फडक्यासारखी मऊ होती.

मी बाहेर गेले आणि तिच्या हातातला तांब्या धरला. "पाणी नको घालू. तो बुडतोय."

"तुला काय कळतं? आजीने मला सांगितलंय."

"मग मातीत बोट घाल."

तिने घातलं नाही, म्हणून मी घातलं. बोट पेरभर आत गेलं आणि गार, चिकट चिखल घेऊन वर आलं. नाकाशी नेलं तर तुंबलेल्या मोरीसारखा वास. तिनेही वास घेतला आणि तिचं तोंड उतरलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मोगऱ्यापेक्षा तिचं तोंड बघून बरं वाटलं.

कुंडीखाली आईने ताटली ठेवली होती. गॅलरीतून पाणी ठिबकतं म्हणून खाली राहणारे घरमालक कुरकुर करायचे. त्या ताटलीत पाणी साचून राहिलेलं. आम्ही दोघींनी कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढलं. तळाचं भोक चिखलाने बुजलं होतं. मुळं पांढरी असायची ती तपकिरी झालेली, चिमटीत धरली की साल निसटून हातात यायची. आत मात्र थोडी पांढरी, घट्ट मुळं शिल्लक होती.

सडलेली मुळं कात्रीने कापली. भोकावर खापरी ठेवली, नवी माती वाळू मिसळून भरली. मुळं कमी उरली, एवढ्या फांद्यांना ती पाणी कुठून पुरवणार, म्हणून शेंडे छाटले. छाटताना आतेबहीण रडत होती. कुंडी सावलीत ठेवली आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही, असं ठरलं. पेंडीचं पाणी तर मुळीच नाही. ताटल्या रोज ओतून टाकायचं काम मी घेतलं.

आजी जाड भिंगांचा चष्मा लावून परतली, तेव्हा छाटलेल्या काड्यांवर पेरापेरातून तांबूस हिरवे कोंब फुटले होते. ती आधी मोगऱ्यापाशीच वाकली.

"याला कुणी तरी बुडवलं होतं. आणि कुणी तरी काढलं."

"बुडवलं मी," आतेबहीण म्हणाली. "काढलं हिने."

आजीने तिला जवळ ओढलं. "खरं बोललीस, माय."

मी तिथेच उभी! झाड वाचवलं मी आणि जवळ घेतलं तिला. मी तरातरा आत निघाले, तेवढ्यात आजीने माझा हात धरला.

"तुला कुणी शिकवलं?"

"खिडकीनं."

आजी इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागेल म्हणून आई ओरडली. दुसऱ्या सकाळी गॅलरीत तिने दोन पाट मांडले. आम्ही शेजारी शेजारी बसलो, एकीने पान उलटं धरायचं, दुसरीने माती चाचपायची. मी आजीच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून मान खाली घालून बसे.

आत्याला मुलगा झाला आणि सुट्टीत आतोबा आतेबहिणीला न्यायला आले. स्टँडवर एसटीत बसलेल्या तिच्या मांडीवर एका डब्यात जास्वंदीची मुळं धरलेली काडी होती, आजीने दिलेली. गाडी सुटेपर्यंत आजी खिडकीतून तिला सांगत होती, पहिले काही दिवस उन्हात ठेवू नको, पान लोंबलं तर आधी माती बघ. गाडी हलली तरी आजीचं बोलणं संपलं नव्हतं. घरी माझ्यासाठी अख्खी गॅलरी होती, मोगऱ्यासकट. तरी त्या एका डब्याकडे मी गाडी वळेपर्यंत बघत राहिले.