येणे चार हजार तीनशे

२०२३ साल. मी चौर्‍याहत्तर वर्षांचा. थोरला मुलगा जाऊन तीन महिने झाले होते. जून महिना होता आणि लेखकांना रॉयल्टीची पत्रकं पाठवायची वेळ आली होती.

माझं शिक्षण चौथी. पण तंजावरात पुस्तकं छापून विकण्याचा धंदा मी उभा केला तो कुणाचा हात न धरता. छपाईचे खिळे जुळवता जुळवता तमिळ शिकलो, आमची मराठी अक्षरंही तिथंच शिकलो. म्हणून मला कुणी लिहिण्यातलं सांगायला आलं की डोकं तापतं. तेव्हा मात्र तेही तापत नव्हतं. सकाळी दुकानात यायचं, बसायचं, कॉफी आली की प्यायची. ती गार झालेली असायची, तरी प्यायची.

हिशेबाचं काम मुलगा करायचा. आता त्याच्या खुर्चीवर त्याची बायको, सूनबाई, बसली होती. पत्रकं तिनं काढली, बरोबर काढली. पत्रकाला जोडायचं पत्रही होतं, मुलानं बारा वर्षांपूर्वी तयार केलेलं. फक्त नाव आणि आकडे बदलायचे. ते तिनं माझ्यापुढं ठेवलं.

"मामा, ही शेवटची ओळ बदलू या का?"

ओळ अशी होती: 'आगाऊ रकमेपैकी आपणाकडून येणे', आणि पुढं आकडा.

"का?"

"वाचणार्‍याला वाटेल आपण पैसे मागतोय."

"बारा वर्षांत कुणाला वाटलं?"

तिनं पत्र पुन्हा हातात घेतलं. "त्यानं लिहिलंय," मी म्हणालो. "एक अक्षर हलवायचं नाही." तिनं हलवलं नाही. एकोणीस पत्रं गेली.

पाचव्या दिवशी पापनाशमहून बसनं नर्सअम्मा आल्या. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, आता निवृत्त. त्यांच्या आठवणींचं पुस्तक आम्ही आदल्या वर्षीच्या एप्रिलात काढलं होतं. मुलगाच त्यांच्याकडं जाऊन बसायचा, त्या सांगायच्या, तो लिहून घ्यायचा. त्या आत आल्या, पंख्याखाली बसल्या आणि पिशवीतून पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं.

"चार हजार तीनशे. मोजून घ्या, अय्या." त्या तमिळमध्ये बोलत आणि मानानं मला 'अय्या' म्हणत. "आणि पावती द्या."

"हे कशाचे?"

"तुम्हीच मागितलेत ना? पत्रात लिहिलंय, येणे. मी चौतीस वर्षांत कुणाचा एक पैसा ठेवला नाही."

मी पाकिटाकडं बघत राहिलो. त्यांच्या हातात एरवी दोन बांगड्या असायच्या. आज एकच होती. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सूनबाईनं पाहिलं आणि कॉफी आणायला म्हणून उठली.

"हे घ्यायचे नाहीत," मी म्हणालो.

"मग लिहिलंत कशाला?"

मी पाकीट त्यांच्याकडं सरकवलं. कॉफीचा पेला त्यांच्यापुढं ठेवत सूनबाई हळूच मराठीत म्हणाली, "मामा, पत्रं गेली की ते तीन दिवस फोनवर असायचे. एकेका लेखकाशी. मला वाटायचं गप्पा मारतायत. हेच सांगत असणार."

म्हणजे मुलाचं पत्र अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तो तोंडानं सांगायचा. यंदा सांगायला कुणी नव्हतं, आणि मी अर्धं पत्र देवाच्या अक्षरासारखं जपून धाडलं होतं. रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला.

"अम्मा, पाकीट आत ठेवा आणि दहा मिनिटं बसा. मी पत्र नवं लिहितो. जे कळणार नाही तिथं मला थांबवा."

"थांबवीन की. मी डॉक्टरांना थांबवलंय, तुम्ही कोण!"

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: हा हिशेब गेल्या वर्षीच्या एक एप्रिलपासून यंदाच्या एकतीस मार्चपर्यंतचा आहे.

"माझ्या भाचीनं मे महिन्यात दहा घेतली. ती?"

"ती पुढच्या वर्षीच्या हिशेबात. लिहितो तसं." लिहिलं. पुढं: किंमत दोनशे रुपये. दुकानांतून तीनशे दहा प्रती विकल्या गेल्या, दहा टक्क्यांनी सहा हजार दोनशे. वाचनालयांना शंभर गेल्या, साडेसात टक्क्यांनी पंधराशे.

"वाचनालयाला कमी का? तिथले लोक कमी वाचतात?"

"त्यांना मोठी सूट द्यावी लागते, अम्मा. म्हणून करारात तुमचा दर तिथं कमी धरलाय. तुम्ही सही केलीय."

"सही तुमच्या मुलाच्या तोंडाकडं बघून केली. वाचून कोण करतंय?"

सूनबाई खिडकीकडं बघू लागली. मी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कराराचं कलम पत्रात घातलं, दर का कमी ते एका ओळीत. दुकानात ठेवलेली पण न विकलेली पुस्तकं यात धरलेली नाहीत, ती विकली की धरू, तेही घातलं.

"एकूण सात हजार सातशे. पुस्तक निघण्याआधी तुम्हाला बारा हजार आगाऊ दिले होते. हे सात हजार सातशे त्यातून वळते केले. राहिले चार हजार तीनशे."

"हेच तर म्हणते. राहिले म्हणजे कर्जच की."

"कर्ज नाही. ते पुस्तकानं फेडायचे, तुम्ही नाही. पुढच्या वर्षीच्या विक्रीतून आधी ते वळते होतील, त्यावर जे होईल ते तुमच्या हातात."

"आणि पुस्तकानं फेडलेच नाहीत तर?"

"तर माझं नुकसान. तुमच्याकडं मागायचं नाही, असं करारातच आहे."

"मग हे लिहा की, अय्या! सगळं लिहिता आणि नेमकं हेच पोटात ठेवता. बाळ आडवं आलंय हे सोडून बाकी सगळं सांगणार्‍या सुईणीसारखं."

आमच्याकडची जुन्या पत्राची प्रत ओढून मी मुलाची ओळ खोडली.  तिच्या जागी नव्या कागदावर लिहिलं: राहिलेले रु. ४,३०० पुढील वर्षाच्या हिशेबात नेले आहेत. ही रक्कम आपण भरायची नाही. पूर्वीचे पत्र चुकीचे समजावे.

"'चुकीचे' नको," सूनबाई म्हणाली. "'रद्द' म्हणा."

"'चुकीचे'च असू दे. चूक माझी आहे." आणि मी खाली सही केली, माझी. इतकी वर्षं त्याची असायची.

नर्सअम्मांनी पत्र घडी घालून पोलक्यात ठेवलं. जाताना दारात थांबल्या. "दुसरं पुस्तक सांगायचं होतं त्याला. आता कुणाला सांगू?"

"सांगा," मी म्हणालो. कुणाला ते मला सुचलं नाही. त्यांनी मान हलवली आणि बसस्टँडकडं गेल्या. बांगडीचं काय केलं ते मला आजही माहीत नाही. सूनबाईनं नवा मजकूर संगणकावर घेतला, पुन्हा एकदा मला वाचून दाखवला. रात्री जेवताना भातात मीठ आहे की नाही ते कळलं नाही.

दुसर्‍या दिवशी सकाळी सातला दुकान उघडलं. एकोणिसांपैकी ज्या सात जणांच्या पत्रात ती ओळ होती त्यांची यादी सूनबाईनं काढून ठेवली होती. फोनवर बोलायची मला सवय नाही, समोरचा दिसत नाही म्हणून मी ओरडतो. तरी पहिला नंबर लावला. "तुम्हाला पत्र आलं असेल," मी म्हणालो. "द्यायचं काही नाही. पत्रक समोर घ्या, मी सांगतो." पलीकडच्यांनी चष्मा शोधेपर्यंत थांबलो, आणि एक एप्रिलपासून सुरुवात केली.